कीटोवर ट्रायग्लिसराईड खाली, एलडीएल दुप्पट: नाशिकच्या एका सायकलस्वाराची केस

पेशंटच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. मी आहारतज्ज्ञ आहे, एका फिजिशियनच्या क्लिनिकमध्ये बसते, त्यामुळे गोळ्यांचे निर्णय डॉक्टरांचे आणि ताटातले बदल माझे असं धरून वाचा. सगळे लिपिडचे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत.

पार्श्वभूमी

पेशंट ४१ वर्षांचे, बँकेत नोकरी, उंची १७३ सेंमी, वजन ७१ किलो. आठवड्यातून चार दिवस पहाटे सायकलिंग आणि रविवारी लांब राइड, म्हणजे बघितलं तर कोणी म्हणणार नाही की यांना काही त्रास आहे. पण ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये ट्रायग्लिसराईड म्हणजे रक्तातली चरबी २१० आली, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल ३८, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १२८, टोटल कोलेस्टेरॉल २०८, तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारं एचबीएवनसी ५.९ आणि सोनोग्राफीत ग्रेड वन फॅटी लिव्हर. हे आपल्याकडे फार कॉमन चित्र आहे, हातपाय बारीक पण पोटाशी चरबी आणि रक्तात ट्रायग्लिसराईड. सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या आणि भात, संध्याकाळी चहासोबत खारी किंवा बिस्किटं, रात्री परत पोळी-भात, असं सगळं चालू होतं.

घरातली एक गोष्ट महत्त्वाची, ती पहिल्यांदा त्यांच्या मिसेसनी सांगितली, त्यांनी स्वतः नाही. "डॉक्टर, माझ्या सासऱ्यांची बायपास झालीय, एकावन्नाव्या वर्षी, हे सांगत नाहीत म्हणून मी सांगते."

सायकलिंग ग्रुपमधल्या दोघांनी कीटो, म्हणजे कार्ब जवळजवळ बंद आणि फॅट भरपूर असा आहार, केलं होतं आणि वजन झपकन उतरलं होतं, म्हणून यांनीही स्वतःच्या मनानेच सुरू केलं. कार्ब दिवसाला २५ ग्रॅमच्या आत. सकाळी बटर आणि खोबरेल तेल घातलेली कॉफी, तीन अंड्यांचं ऑम्लेट, दुपारी २०० ग्रॅम पनीर आणि पालेभाजी, सगळ्यावर सढळ हाताने तूप, रात्री चिकन किंवा मटण. पोळी, भात, डाळ, फळं बंद.

प्रॉब्लेम काय झाला

चार महिन्यांनी रिपोर्ट घेऊन आले. वजन ६५ किलो, एचबीएवनसी ५.५, लिव्हरची एन्झाइम्स नॉर्मल, ट्रायग्लिसराईड ६८, एचडीएल ५८. आणि एलडीएल २६८, टोटल ३४०.

ते खरंच खुशीत होते आणि मी त्यांना दोष देणार नाही, कारण ज्या चार गोष्टींसाठी त्यांनी हे सुरू केलं त्या चारही सुधारल्या होत्या. "मॅडम, ट्रायग्लिसराईड बघा की, २१० वरून ६८! ग्रुपमध्ये सांगतात की ट्रायग्लिसराईड कमी आणि एचडीएल जास्त असेल तर एलडीएलचे कण मोठे, फुगीर असतात, ते काही करत नाहीत."

हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असल्यामुळेच ते पटतं. ट्रायग्लिसराईड उतरले की एलडीएलचे कण साधारण मोठे होतात हे बरोबर आहे. पण मोठा कणसुद्धा धमनीच्या भिंतीत शिरतो आणि अडकतो, आणि शेवटी प्रश्न असतो की रक्तात असे कण एकूण आहेत किती. ते मोजायला अपोबी नावाची टेस्ट आहे. प्रत्येक एलडीएल कणावर अपोबीचा एकच रेणू असतो, त्यामुळे अपोबी म्हणजे जवळजवळ कणांची शिरगणतीच. कण मोठे आणि थोडे असते तर एलडीएल जास्त येऊनही अपोबी त्या मानाने कमी दिसलं असतं, म्हणून वाद घालत बसण्यापेक्षा टेस्ट करू असं ठरलं.

आधी आकडा खरा आहे का ते बघितलं

एका रिपोर्टवर काही ठरवायचं नाही हा आमच्या डॉक्टरांचा नियम आहे, आणि कीटोवाल्यांच्या बाबतीत तर तो पाळलाच पाहिजे कारण चुकीचा आकडा येण्याच्या जागा जास्त असतात. विचारल्यावर कळलं की ते रोज अठरा तास उपास करत होते आणि रक्त दिलं तेव्हा वीस तास होऊन गेले होते, आणि शेवटच्या महिन्यातही वजन उतरतच होतं. बारीक माणसाचा उपास लांबला की एलडीएल आणखी चढू शकतो. वजन वेगाने उतरत असताना चरबीच्या पेशींमधलं साठलेलं कोलेस्टेरॉलही रक्तात येतं, त्यामुळे तेव्हाचा आकडा काही काळ फुगलेला असू शकतो. उलटंही होतं बरं का, काही जण टेस्टच्या दिवशी सकाळी बटर-कॉफी पिऊन जातात, ती "फास्टिंग" धरतात, आणि मग ट्रायग्लिसराईड विनाकारण वर येतात.

मग वजन स्थिर ठेवायला सांगितलं, आणि ते महिनाभर हललं नाही तेव्हा त्याच लॅबमध्ये, बारा तासांच्या उपासाने, पाण्याव्यतिरिक्त काही न घेता परत टेस्ट केली. टोटल ३३१, ट्रायग्लिसराईड ६४, एचडीएल ५९, एलडीएल २५९. म्हणजे थोडाफार फरक पडला पण चित्र तेच. अपोबी १६६ आलं, म्हणजे कणांची संख्याही भरपूर वाढलेली होती, मोठ्या-फुगीर कणांवर निभावून नेण्यासारखं काही उरलं नाही.

सोबत बाकीची कारणं तपासली. थायरॉईड मंद असेल तर एलडीएल वाढतो, टीएसएच २.६ आला, नॉर्मल. लघवीत प्रोटीन नाही, क्रिएटिनिन ठीक. डॉक्टरांनी टाचेमागचे आणि बोटांच्या मागचे टेंडन जाड झालेत का ते चाचपून बघितलं, डोळ्यांच्या बुबुळाभोवती पांढरं कडं आहे का पाहिलं, कारण एलडीएल १९० च्या वर गेला की आनुवंशिक हायपरकोलेस्टेरोलेमियाचा विचार करावाच लागतो. तसं काही नव्हतं, आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे कीटोच्या आधीचा १२८ चा रिपोर्ट, तो आजार असता तर तेव्हाही आकडा एवढा साधा आला नसता. तो जुना कागद त्यांनी जपून ठेवला नसता तर आम्ही आणखी तपासण्यांच्या मागे लागलो असतो.

एक टेस्ट मात्र नवीन माहिती देऊन गेली. लायपोप्रोटीन-ए, एलडीएलसारख्याच एका कणाची टेस्ट, जी आयुष्यात एकदा तरी करावी असं कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या गाइडलाइनमध्येही म्हटलंय, ती ७१ आली. ५० च्या वर जास्त धरतात. ही जवळजवळ पूर्णपणे आईवडिलांकडून येते, आहाराने फारशी हलत नाही. वडिलांच्या एकावन्नाव्या वर्षीच्या बायपासमागे हीच असेल असं छातीठोक सांगता येत नाही, पण पुढचे सगळे निर्णय या आकड्याने बदलले.

असं होतं तरी का

यात दोन गोष्टी एकत्र असतात. पहिली पक्की माहीत असलेली: सॅच्युरेटेड फॅट खूप झालं की लिव्हरवरचे एलडीएल ओढून घेणारे रिसेप्टर कमी होतात आणि एलडीएल रक्तात साचतो. यांच्या रोजच्या खाण्याचा हिशोब केला तर तूप, खोबरेल तेल, पनीर आणि अंडी मिळून सॅच्युरेटेड फॅट ८० ग्रॅमच्या आसपास जात होतं, तेही मटण न धरता. २००० कॅलरी खाणाऱ्याला २२ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात.

दुसरी गोष्ट अजून थिअरी आहे, तिला लिपिड एनर्जी मॉडेल म्हणतात. बारीक आणि भरपूर व्यायाम करणाऱ्या माणसाने कार्ब जवळजवळ बंद केले की लिव्हरमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साखरेचा, साठा कमी राहतो आणि शरीराला इंधन म्हणून चरबीच पुरवावी लागते. मग लिव्हर व्हीएलडीएल कणांमध्ये ट्रायग्लिसराईड भरून भराभर बाहेर पाठवतं, स्नायू ते लगेच काढून घेतात, आणि रिकामे झालेले कण एलडीएल बनून फिरत राहतात. गॅसच्या टेम्पोसारखं समजा, फेऱ्या वाढल्या आणि सिलिंडर पटापट उतरले तर गोडाऊनमध्ये माल दिसणार नाही पण रस्त्यावर रिकामे टेम्पो जास्त दिसणार. म्हणून ट्रायग्लिसराईड कमी, एचडीएल जास्त आणि एलडीएल खूप जास्त, हे तिन्ही एकाच वेळी.

याच्या टोकाच्या प्रकाराला लीन मास हायपर-रिस्पॉन्डर म्हणतात, त्यात एलडीएल २०० किंवा जास्त, एचडीएल ८० किंवा जास्त आणि ट्रायग्लिसराईड ७० किंवा कमी असे कटऑफ धरलेत. आमचे पेशंट एचडीएलवर बसत नव्हते पण दिशा तीच. आणि २०२४ मध्ये कमी कार्बच्या ट्रायल्स एकत्र करून केलेल्या विश्लेषणात दिसलं की बीएमआय २५ च्या खाली असणाऱ्यांचा एलडीएल वाढला, २५ ते ३५ मध्ये सरासरी फारसा हलला नाही आणि ३५ च्या वर तर कमी झाला. म्हणून "माझ्या मेव्हण्याने कीटो केलं, त्याचं कोलेस्टेरॉल उतरलं" हे खरं असू शकतं आणि तरीही तुम्हाला लागू नसतं, मेव्हणा शंभर किलोचा असेल.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, आहे तसंच चालू ठेवायचं आणि लक्ष ठेवायचं. पेशंटचा कल इकडेच होता आणि त्यासाठी त्यांनी स्वतःहून कॅल्शियम स्कोअरचा सीटी काढून आणला, स्कोअर शून्य. डॉक्टरांनी त्यांना शांतपणे समजावलं की हा सीटी हृदयाच्या धमन्यांत साचलेल्या थरांपैकी फक्त कॅल्शियम जमलेला थर म्हणजे प्लाक दाखवतो, मऊ प्लाक त्यात दिसत नाही, आणि चाळिशीच्या आसपास बहुतेकांचा शून्यच येतो. शिवाय एलडीएल वाढून जेमतेम सहा महिने झालेत, त्याचा परिणाम स्कॅनमध्ये इतक्यात दिसण्याची अपेक्षाच नाही. शून्य ही चांगली बातमी आहे पण ती मागच्या वर्षांची आहे, पुढच्या वर्षांची हमी नाही.

दुसरा, कीटो पूर्ण बंद करून आधीच्या खाण्यावर परत जायचं. एलडीएल उतरला असता, पण २१० चे ट्रायग्लिसराईड आणि फॅटी लिव्हरही परत आले असते. याला मीच कडाडून विरोध केला.

तिसरा, कीटो तसंच ठेवून लगेच स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी. मिसेसना हेच हवं होतं. एलडीएल १९० च्या वर म्हणजे स्टॅटिन असा सरळ नियम आहेच, पण त्याच नियमात आधी दुसरं कारण शोधा असंही आहे, आणि इथे कारण समोर ताटात दिसत होतं. २५९ वरून गोळीने अर्धं केलं तरी १३० च होणार होतं.

चौथा, आहार बदलून बघायचा आणि मग उरलेल्या आकड्यावर गोळीचं ठरवायचं. हा घेतला, पण मुदत घालून. डॉक्टर म्हणाले, "बारा आठवडे. त्याच्या पुढे मी थांबणार नाही." एलडीएलचं नुकसान वर्षानुवर्षं साठत जातं, त्यात तीन महिने चालतात, तीन वर्षं चालत नाहीत.

काय केलं

सगळं एकदम बदलायचं नाही असं ठरवलं, कारण मग नेमकं कशाने उतरलं ते कळत नाही आणि उगाच जास्त गोष्टी सोडाव्या लागतात.

पहिले सहा आठवडे कार्ब तेवढेच, २५ ग्रॅम, फक्त फॅटचा प्रकार बदलला. बटर-खोबरेल कॉफी बंद. तूप दिवसाला एक छोटा चमचा. पनीर २०० वरून ७५ ग्रॅम. मटण महिन्यातून एकदा. त्याजागी शेंगदाणा आणि मोहरीचं तेल, बदाम-अक्रोड, जवसाची आणि तिळाची चटणी, आठवड्यातून दोनतीनदा मासे. खोबरेल तेलातलं जवळजवळ ९० टक्के फॅट सॅच्युरेटेड असतं आणि तुपातलं साधारण ६० टक्के, शेंगदाणा तेलात ते २० टक्क्यांच्या आत असतं, त्यामुळे एकूण फॅट जवळपास तेवढंच राहूनही सॅच्युरेटेड एकतृतीयांशावर आलं. रिझल्ट: एलडीएल २०१, ट्रायग्लिसराईड ७८, एचडीएल ५८, अपोबी १३६. चांगली घट, पण २०१ हा आकडा कोणालाच चालण्यासारखा नव्हता.

दुसऱ्या सहा आठवड्यांत कार्ब वाढवायचे होते आणि इथे पेशंट अडले. पोळीला हात लावला की पोट परत येईल अशी खरीच भीती बसली होती. तेव्हा त्यांनीच वाचलेली एक केस आमच्या कामाला आली, २०२४ मध्ये छापलेली, एका कीटोवाल्या संशोधकाने स्वतःवर केलेला प्रयोग, रोज साधारण १०० ग्रॅम कार्ब बिस्किटांतून घेतले आणि सोळा दिवसांत एलडीएल ३८४ वरून १११. एका माणसावरचा प्रयोग आहे, त्यावरून कोणी बिस्किटं खाऊ नयेत, पण बारीक माणसात थोड्या कार्बने केवढा फरक पडू शकतो हे त्यातून दिसतं. मी त्यांना म्हटलं की आपण तेवढेच कार्ब घेऊ, पण ज्वारीतून आणि मुगातून.

दुपारी एक मध्यम ज्वारीची भाकरी, एक वाटी मुगाची किंवा मटकीची उसळ, संध्याकाळी एक पेरू किंवा पपईच्या चार फोडी, वाटीभर दही, आणि लांब राइडच्या आधी एक केळं. मिळून ९० ते १०० ग्रॅम. तेवढ्या कॅलरीचं तेल आणि सुकामेवा कमी केला. अठरा तासांचा उपास बारावर आणला. भात आणि खारी-बिस्किटं बंदच राहिली.

सहा आठवड्यांनी: टोटल २१४, एलडीएल १४०, ट्रायग्लिसराईड १०४, एचडीएल ५३, अपोबी १०४, एचबीएवनसी ५.६. वजन ६६, म्हणजे एकच किलो वाढलं. ट्रायग्लिसराईड कीटोपेक्षा वर आले पण सुरुवातीच्या निम्मे होते, आणि एलडीएल २५९ वरून १४०.

निकाल आणि गोळीचा निर्णय

इथे बरेच जण थांबतात आणि साधा माणूस असता तर कदाचित आम्हीही आणखी काही महिने आहारावरच बघितलं असतं. पण लायपोप्रोटीन-ए ७१ आणि वडिलांची कमी वयातली बायपास या दोन गोष्टी ताटाने बदलत नाहीत, म्हणून बदलता येतो तो एलडीएल जास्त खाली नेणं भाग होतं. डॉक्टरांचं टार्गेट ७० च्या आसपासचं होतं. पेशंट म्हणाले, "म्हणजे मी एवढं केलं ते वाया?" वाया नव्हतंच, २५९ पासून सुरू करून ७० गाठायला दोन-तीन औषधं लागली असती, १४० पासून एक मध्यम डोस पुरण्यासारखा होता. रोसुवास्टॅटिन १० मिलिग्रॅम सुरू केली. आठ आठवड्यांनी एलडीएल ७४, ट्रायग्लिसराईड ८८, एचडीएल ५४, अपोबी ६६, लिव्हर एन्झाइम्स ठीक, राइडमध्ये पाय दुखण्याची तक्रार नाही.

आता मॉनिटरिंग असं ठेवलंय: सहा महिन्यांनी लिपिड प्रोफाइल आणि अपोबी, सोबत एचबीएवनसी आणि लिव्हर. आहारात मोठा बदल केला तर सहा ते आठ आठवड्यांनी वेगळी टेस्ट, वजन स्थिर असताना, बारा तासांच्या उपासाने, त्याच लॅबमध्ये. लायपोप्रोटीन-ए परत करायची नाही, एकदा पुरते. त्यांच्या धाकट्या भावाला मात्र ती आणि साधं लिपिड प्रोफाइल करायला सांगितलं, कारण वडील दोघांचे एकच.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी गोष्ट वेळेची. कीटो सुरू केल्यावर पहिली टेस्ट चार महिन्यांनी झाली, ती सहा-आठ आठवड्यांनी व्हायला हवी होती. वजन उतरत असल्यामुळे तेव्हाचा आकडा थोडा फुगलेला आला असता हे खरं, पण १२८ चा दोनशेच्या पुढे गेला तर तो नुसता फुगवटा नसतो आणि तूप-खोबरेलाचा बदल तेव्हाच करता आला असता.

सुरू करण्याआधी अपोबी आणि लायपोप्रोटीन-ए करून घेतली असती तर आणखी सोपं झालं असतं. ट्रायग्लिसराईड २१० असताना हिशोबाने काढलेला एलडीएल जरा कमी दिसू शकतो आणि कणांची खरी संख्या त्यापेक्षा जास्त असू शकते, त्यामुळे यांचं मूळ अपोबी किती होतं ते आता कधीच कळणार नाही, आणि १४० हे "आधीपेक्षा वाईट" की "आधीइतकंच" या प्रश्नाचं उत्तर अडकून राहिलंय. लायपोप्रोटीन-ए आधी माहीत असती तर मी या माणसाला २५ ग्रॅमच्या कीटोवर राहूच दिलं नसतं, थेट १०० ग्रॅमवर ठेवलं असतं.

दोन टप्पे करण्याबद्दल आमच्यातच मतभेद आहेत. डॉक्टरांना वाटतं फॅट आणि कार्ब एकदम बदलले असते तर सहा आठवडे वाचले असते. माझं म्हणणं, टप्पे केले म्हणून पेशंटला स्वतःच्या रिपोर्टमध्ये दिसलं की तुपाने किती आणि भाकरीने किती, आणि म्हणूनच ते आजही ती एक भाकरी न घाबरता खातात. ज्याचा एलडीएल ३५० असेल किंवा छातीत काही त्रास असेल त्याच्यात मात्र मीही टप्पे करणार नाही.

आणि ज्यांना डायबेटिसची किंवा बीपीची औषधं चालू आहेत त्यांनी यातलं काही स्वतःच्या मनाने करू नका. कार्ब कमी केल्यावर इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडचा डोस तोच राहिला तर शुगर एकदम खाली जाते, ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्यांवर कीटो केलं तर शुगर नॉर्मल दिसत असतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे रक्त धोकादायकरीत्या आम्लधर्मी होणं, होऊ शकतो. तिथे लिपिडचा रिपोर्ट येण्याची वाट बघण्याइतका वेळच नसतो, डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावा लागतो.